तिरकी झालेली लिंक: सोळा वर्षं नीट सांभाळलेल्या बॅटरीचा शेवट

बॅटरी रूमचा टेक्निशियन एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "साहेब, सतरा नंबरच्या सेलची लिंक तिरकी दिसतेय. नट काढून नीट बसवू का?" मी म्हटलं, हात लावू नका, आधी बघू या. ते बरंच झालं म्हणायचं. ती लिंक सैल नव्हती, कुणी चुकीचीही बसवली नव्हती. दोन सेल जोडणाऱ्या त्या तांब्याच्या पट्टीचं एक टोक वर उचललं गेलं होतं, कारण ज्या पोस्टवर, म्हणजे सेलच्या झाकणातून बाहेर येणाऱ्या शिशाच्या खांबावर, ते बसलं होतं ती पोस्टच झाकणातून वर आली होती. आणि वर आल्या होत्या त्या फक्त धन बाजूच्या पोस्ट. ऋण पोस्ट होत्या तिथेच होत्या.

शिसे-आम्ल बॅटरी ओळखणाऱ्याला एवढं पाहून निम्मं निदान होतं. उरलेलं निम्मं करायला आम्हाला महिना लागला, कारण ही बॅटरी आपल्या मरणाने मरते आहे हे पटवून घ्यायला कुणीच तयार नव्हतं. सगळ्यांना कुणाची तरी चूक हवी होती.

बॅटरी कशी होती

४८ व्होल्टची बँक, त्यात दोन व्होल्टचे २४ सेल. क्षमता दहा तासांच्या दराने ४०० अँपिअर-तास. सेल पाणी घालायचे, पारदर्शक डब्यांतले. चपट्या प्लेटा, शिसे-कॅल्शियमच्या ग्रिडच्या. काम फ्लोटवरचं, म्हणजे चार्जर कायम जोडलेला आणि वीज गेली तरच बॅटरीवर भार. वर्षातून मोजके डिस्चार्ज, तेही उथळ. फ्लोट दर सेलला २.२३ व्होल्ट, म्हणजे बँकेला साधारण ५३.५. बनवणाऱ्याने सांगितलेलं आयुष्य २५ अंश सेल्सिअसला २० वर्षं. बॅटरीला सोळा वर्षं पूर्ण झाली होती.

देखभालीची वही पाहिली तर मन प्रसन्न व्हावं. दर महिन्याला फ्लोट व्होल्टेज, दर तिमाहीला प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्ल पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, आणि अंतर्गत रोध, डिस्टिल्ड वॉटर किती घातलं त्याची नोंद, लिंकांचे नट टॉर्क रेंचने तपासल्याची सही. क्षमता-चाचण्याही नेमाने झालेल्या. दुसऱ्या वर्षी १०३ टक्के, सातव्या वर्षी १०४, बाराव्या वर्षी ९९, पंधराव्या वर्षी ८९. आकडा ९० च्या खाली गेला म्हणून त्यानंतर चाचणी दरवर्षी घ्यायचं ठरलं होतं. सोळाव्या वर्षीची चाचणी तिरक्या लिंकेमुळे दोन महिने आधीच घेतली.

४० अँपिअरचा स्थिर भार लावला. दहा तासांनी बँकेचं व्होल्टेज ४३.२ वर, म्हणजे सेलमागे सरासरी १.८० वर यायला हवं. ते आलं ७ तास ५० मिनिटांनी. म्हणजे ७८ टक्के. शेवटच्या अर्ध्या तासात तीन सेल बाकीच्यांच्या पुढे धावत खाली गेले आणि सतरा नंबर तर १.६२ व्होल्टवर होता. फ्लोटवरच्या स्थिर बॅटरीसाठी ८० टक्के ही सर्वमान्य निवृत्तीची रेषा आहे, आणि आपण ती ओलांडली होती.

पहिला संशय सल्फेशनवर

बैठकीत पहिला शब्द आला तो 'सल्फेशन'. बॅटरी कमी चालली की हा शब्द येतोच. घरात कुणाला ताप आला की 'हवा बदलली' म्हणतात तसा. कुणीतरी सुचवलं की दोन-तीनदा इक्वलायझिंग चार्ज द्या, प्लेटांवरचं सल्फेट सुटेल. आणखी एकाने बॅटरीला 'पुन्हा जिवंत करणारं' पल्स यंत्र भाड्याने आणायचं म्हटलं.

इक्वलायझिंगला माझी हरकत नव्हती, कारण त्याने निदानाला मदतच होणार होती. सेलमागे २.३३ व्होल्टने २४ तास चार्ज केला, मग फ्लोटवर आणून आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली. ७८ चे ७९ टक्के झाले. मोजमापाच्या चुकीतच तो फरक बुडून जातो.

पण खरं तर चाचणीआधीच ग्रॅव्हिटीने उत्तर दिलं होतं. पूर्ण चार्ज झालेल्या चोवीसही सेलची ग्रॅव्हिटी १.२१० ते १.२१५ च्या दरम्यान होती, म्हणजे नव्या बॅटरीइतकीच. सल्फेशनमध्ये नेमकं काय होतं ते आठवून पाहा: डिस्चार्जच्या वेळी आम्लातलं सल्फेट प्लेटांमध्ये जाऊन शिशाचं सल्फेट होतं आणि चार्ज करताना ते परत आम्लात यायला हवं. ते प्लेटांतच अडकून राहिलं, तर आम्ल पातळच राहतं. सल्फेट झालेल्या सेलची ग्रॅव्हिटी चार्ज करूनही वर चढत नाही. आपल्याकडे ती पूर्ण चढलेली होती. म्हणजे सल्फेट जिथे असायला हवं तिथेच होतं, आणि तरीही प्लेटांतून वीज निघत नव्हती. पारदर्शक डब्यात टॉर्च मारून पाहिलं तेव्हा प्लेटांच्या कडांवर सल्फेटच्या स्फटिकांची चमकही कुठे दिसली नाही.

दिसलं ते वेगळंच. धन प्लेटा डब्याच्या भिंतीकडे सरकल्या होत्या. जिथे पूर्वी बोटभर फट होती तिथे आता कागद जाईल एवढीच उरली होती. कडा थोड्या लाटेसारख्या वाकल्या होत्या. डब्याच्या तळाशी चॉकलेटी रंगाचा गाळ होता, करडा नव्हे. करडा गाळ ऋण प्लेटेचा असतो, चॉकलेटी धन प्लेटेचा. पट्टी लावून मोजलं तर धन पोस्ट ऋण पोस्टपेक्षा ५ मिलिमीटर वर आल्या होत्या आणि त्यांच्याभोवतीचं झाकण घुमटासारखं फुगलेलं होतं.

शिसं का खाल्लं जातं

धन प्लेटेत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे काम करणारी लुकण, म्हणजे शिशाचं डायऑक्साइड. दुसरी म्हणजे त्या लुकणीला धरून ठेवणारी आणि तिच्यातून वीज गोळा करून बाहेर नेणारी शिशाच्या मिश्रधातूची जाळी, म्हणजे ग्रिड. आता अडचण अशी की या प्लेटेचं विद्युतविभव इतकं वर असतं की त्या विभवाला धातुरूपातलं शिसं टिकूच शकत नाही. शिशाच्या डायऑक्साइडला चिकटून बसलेलं शिसं ऑक्साइड होऊ पाहतं, आणि ग्रिड तर दिवसरात्र त्याच्या मिठीत बसलेलं असतं. प्रक्रिया एका ओळीत लिहिता येते:

Pb + 2H₂O → PbO₂ + 4H⁺ + 4e⁻

मग बॅटरी आठवड्यात का मरत नाही? कारण गंजाचा पहिला थर दाट बसतो आणि पुढच्या गंजाची वाट अडवतो. ग्रिड वाचतं ते स्वतःच्या गंजामुळेच. पण तो थर पूर्ण बंदोबस्त करत नाही. ऑक्सिजन त्यातून हळूहळू झिरपत राहतो आणि धातू आतून कमी होत राहतो. हा वेग शून्यावर आणता येत नाही, फक्त कमी करता येतो.

तो किती मंद आहे हे हिशोबाने पाहिलं की मजा वाटते. एक किलो शिसं असं पूर्ण ऑक्साइड व्हायला सुमारे ५१७ अँपिअर-तास लागतात. सोळा वर्षांचे तास होतात साधारण १ लाख ४० हजार. भागाकार केला तर येतात ३.७ मिलिअँपिअर. आपल्या प्रत्येक सेलचा फ्लोट करंट ३० मिलिअँपिअरच्या आसपास होता आणि त्यातला बहुतेक भाग पाण्याचं विघटन करण्यात जात होता. म्हणजे त्या करंटचा आठवा हिस्सा जरी सोळा वर्षं ग्रिडकडे वळला, तरी सेलमागे किलोभर धातू ऑक्साइड होतो. हा करंट मीटरवर वेगळा दिसत नाही, आवाज करत नाही, सेल गरमही करत नाही.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल अशी आहे. फ्लोट जितका कमी तितकं ग्रिड सुरक्षित, असं नाही. धन प्लेटेचं विभव तिच्या विश्रांतीच्या विभवापेक्षा साधारण ४० ते ८० मिलिव्होल्ट वर ठेवलं तर क्षरण सर्वांत कमी असतं. त्याच्या खालीही वाढतं आणि वरही. विभव फार खाली गेलं की तो दाट संरक्षक थरच नीट राहत नाही. म्हणून 'बॅटरी जास्त टिकावी' या सद्‌हेतूने फ्लोट खाली ओढणारे लोक तिला एकाच वेळी अर्धपोटी ठेवतात आणि ग्रिडही खायला देतात. आपल्या सेलचं विश्रांतीचं व्होल्टेज ग्रॅव्हिटीत ०.८४५ मिळवून येतं, म्हणजे १.२१५ अधिक ०.८४५, बरोबर २.०६ व्होल्ट. फ्लोट २.२३. मधले १७० मिलिव्होल्ट दोन्ही प्लेटांत वाटले जातात. धन प्लेटेच्या वाट्याला त्या दरीच्या तळाजवळ बसेल एवढाच भाग यावा म्हणून बनवणाऱ्याने हा आकडा दिलेला असतो. वहीत सोळा वर्षांत तो २.२२ ते २.२४ च्या बाहेर गेलेला नव्हता. चार्जरवरचा आरोप तिथेच निकालात निघाला.

वाढणारी प्लेट

गंजलेलं शिसं जागा जास्त घेतं. धातूचं डायऑक्साइड झालं की आकारमान साधारण एक तृतीयांशाने वाढतं. हा फुगलेला थर आतल्या तारेला चिकटलेला असतो, त्यामुळे तो तिला लांबीने ताणतो. लोखंडाची तार असती तर ताण सोसून तशीच राहिली असती. शिशाचं तसं नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे केल्विनमध्ये ६००. खोलीचं तापमान ३०० केल्विन, म्हणजे शिसं आपल्यासमोर कायम आपल्या वितळणबिंदूच्या अर्ध्यावर बसलेलं असतं. अशा धातूला सतत थोडा ताण दिला की तो कणाकणाने ताणला जातो आणि परत येत नाही. त्यामुळे ग्रिड नुसतं बारीक होत नाही, ते मोठंही होतं.

ही वाढ टाळायला माणसांनी काय काय केलं त्याची गंमत आहे. १८५९ साली गॅस्टन प्लांटेने पहिली शिसे-आम्ल बॅटरी केली तेव्हा धन प्लेटेची काम करणारी लुकण त्याने शिशाचे पत्रे पुन्हा पुन्हा गंजवूनच तयार केली होती. ज्या प्रक्रियेने ही बॅटरी जन्माला आली तीच तिला संपवते. पुढे ग्रिड ताठ व्हावं म्हणून शिशात अँटिमनी मिसळायला लागले. ते ताठ झालं, पण अँटिमनी सुटून ऋण प्लेटेवर जाऊन बसतं, त्याने फ्लोट करंट वाढत जातो आणि पाणी भराभर संपतं. कॅल्शियमने तो प्रश्न सुटला, तर कॅल्शियमच्या ग्रिडमध्ये क्षरण धातूच्या कणांमधल्या सीमांतून आत शिरतं आणि वाढ जास्त होते. बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी १९७० च्या सुमारास टेलिफोनसाठी एक गोल सेल केला. त्यात शुद्ध शिशाची वर्तुळाकार, उथळ शंकूसारखी ग्रिड आडवी एकावर एक रचलेली होती. विचार असा की ग्रिड वाढणारच, तर ते असं वाढू द्या की वाढूनही त्याचा लुकणीशी संपर्क सुटणार नाही. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्यात रोग टाळल्याचा आव नाही.

आपल्या सेलमध्ये प्लेटा तळाच्या पट्ट्यांवर टेकलेल्या होत्या. खाली जायला जागा नाही, त्यामुळे वाढ वरच्या दिशेला गेली आणि पोस्टला झाकणातून वर ढकलत राहिली. ऋण प्लेटेचं ग्रिड धन प्लेटेसारखं खाल्लं जात नाही, म्हणून तिकडची पोस्ट हलली नाही. तिरक्या लिंकेचं कोडं एवढंच होतं.

सतरा नंबर उघडला तेव्हा

बँक बदलायची ठरल्यावर जुनी भंगार घेणाऱ्याकडे जाण्याआधी मी एक सेल उघडायची परवानगी घेतली. सेल पूर्ण डिस्चार्ज केला, आम्ल काढलं, दोनदा पाण्याने धुतला आणि काम संपेपर्यंत प्लेटा ओल्याच ठेवल्या, कारण शिशाची कोरडी धूळ श्वासात जाऊ द्यायची नसते. हातमोजे, चष्मा, मास्क आणि निघालेला प्रत्येक तुकडा झाकणाच्या डब्यात.

आधी ऋण प्लेटा पाहिल्या. करड्या, मऊ, चाकूने ओरखडा काढला की धातूसारखी चमकदार रेघ उमटते. तंदुरुस्त. सल्फेट झालेली प्लेट कडक आणि खरखरीत लागते, ओरखड्याला चमक येत नाही. म्हणजे उरलासुरला संशयही गेला.

धन प्लेट उचलली तेव्हा तिचा वरचा कोपरा हातात आला आणि बाकीची प्लेट ट्रेमध्ये राहिली. नवी असताना प्लेटेची उंची २८० मिलिमीटर होती. शाबूत असलेली एक मोजली ती २८७ भरली. अडीच टक्के वाढ. ऐकायला थोडी वाटते, पण ग्रिडचा प्रत्येक चौकोन अडीच टक्क्यांनी मोठा झाला आणि त्यातला लुकणीचा तुकडा तेवढाच राहिला, की दोघांत फट पडते. वाळलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडाव्यात तशा भेगा प्रत्येक तुकड्याभोवती दिसत होत्या. तुकडा जागेवर आहे, त्यात डायऑक्साइडही आहे, पण त्याची वीज तारेपर्यंत पोचायला रस्ता नाही.

मग एक आडवी तार मोडली. वाकवायला गेलो तर ती कडक बिस्किटासारखी तुटली. चांगलं शिसं वाकतं, तुटत नाही. तुटलेल्या टोकाला बाहेर काळपट तपकिरी कवच आणि मधोमध चमकदार धातूचा गाभा. मूळ जाडी ३ मिलिमीटर, गाभा उरला होता १.८ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ०.६ मिलिमीटर गेलं, म्हणजे वर्षाला ०.०४ मिलिमीटरपेक्षाही कमी. वर्षभर जपून ठेवलेल्या तारेवर हा फरक उघड्या डोळ्यांना कळणार नाही. पण वीज वाहून नेणारं क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाने घटतं. १.८ भागिले ३ म्हणजे ०.६, त्याचा वर्ग ०.३६. सोळा वर्षांत तारेचा जवळपास दोन तृतीयांश धातू गेला होता, आणि बारीक तारा तर आरपार तुटलेल्या होत्या.

सतरा नंबर बाकीच्यांपेक्षा मागे का पडला त्याचं कारण सेलच्या आत सगळ्या धन प्लेटांना पोस्टशी जोडणाऱ्या वरच्या पट्टीशी सापडलं. नऊ धन प्लेटांपैकी एकीची लग, म्हणजे प्लेटेला पट्टीशी जोडणारा कान, मुळाशी चिरलेला होता. प्लेटा वर ढकलल्या जात असताना ताण तिथेच येतो. नवातली एक प्लेट गेली म्हणजे अकरा टक्के क्षमता एका झटक्यात गेली.

तापमानाचा वाटा

वीस वर्षांची बॅटरी सोळाव्या वर्षी का गेली, हा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर खोलीच्या थर्मामीटरमध्ये होतं. खोली २५ अंशांवर ठेवायची होती, पण वर्षभराची सरासरी काढली तर ती २८ भरत होती. क्षरण ही रासायनिक प्रक्रिया आहे आणि ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचा वेग दुप्पट होतो, आयुष्य निम्मं. तीन अंशांसाठी वेग २ च्या ०.३ घाताने, म्हणजे साधारण १.२३ पट. २० भागिले १.२३ केले की १६.२ वर्षं. आकडा इतका चपखल जुळला हा योगायोगच समजा. नियम ढोबळ आहे. काही जण दहाऐवजी आठ अंश धरतात, आणि मग उत्तर थोडं आणखी खाली येतं. पण दिशा आणि अंदाज बरोबर आहे.

हाच हिशोब ३८ अंशांच्या खोलीला लावला तर तीच बॅटरी आठ वर्षांत याच अवस्थेला येते. आणि तिथे मी 'नैसर्गिक मृत्यू' हा शब्द वापरणार नाही. धन ग्रिडचं क्षरण दोन्हीकडे तेच, चिन्हंही तीच. पण पाच-सहा वर्षांच्या बॅटरीत पोस्ट वर आलेल्या दिसल्या तर आधी तापमान, मग फ्लोट, मग चार्जरच्या डीसीत मिसळलेला एसी रिपल आणि शेवटी ग्रिडच्या ओतकामातला दोष या क्रमाने शोध घ्यावा. वय पाहिल्याशिवाय या चिन्हांचा अर्थ लावता येत नाही.

सीलबंद व्हीआरएलए सेलमध्ये हीच गोष्ट दिसायला कठीण आणि परिणामाने दुप्पट होते. वरच्या समीकरणात प्रत्येक शिशाच्या अणूमागे पाण्याचे दोन रेणू खर्च होतात. किलोभर शिसं गंजलं की सुमारे १७४ ग्रॅम पाणी संपतं. त्यातला ऑक्सिजन गंजात कायमचा बसतो आणि हायड्रोजन व्हॉल्व्हमधून निघून जातो. आपल्या सेलमध्ये टेक्निशियन ते पाणी ओतून भरून काढत होता. सीलबंद सेलमध्ये ओतणार कोण? तिथे ग्रिड बारीक होता होता प्लेटांमधला आम्ल धरून ठेवणारा विभाजकही कोरडा पडत जातो.

शेवट अचानक का येतो

चाचण्यांचे आकडे पुन्हा पाहा: १०३, १०४, ९९, ८९, ७८. पहिली दहा-बारा वर्षं जवळपास सपाट, मग तीन वर्षांत दहा टक्के, मग एका वर्षात अकरा. क्षरण मात्र इतका काळ जवळपास एकाच चालीने चालू होतं. तार निम्मी झाली तरी वीज वाहतेच, लुकण चिकटलेली आहे तोवर क्षमता जातही नाही. मग फटी पडायला लागतात, तारा तुटायला लागतात, आणि जो करंट तुटलेल्या तारेतून जायचा तो शेजारच्या बारीक तारेतून जायला लागतो. व्यवस्थापनाने विचारलं होतं, "७८ टक्के आहे ना? आपल्याला तर साठच लागतात. आणखी दोन वर्षं काढू." त्याला माझं उत्तर हेच होतं की ८० ची रेषा ही गरज भागत नाही म्हणून नाही, तर तिच्यापुढे उतार किती तीव्र असेल हे सांगता येत नाही म्हणून आहे.

त्यात आणखी एक धोका होता जो क्षमतेच्या आकड्यात दिसत नाही. अंतर्गत रोध नव्याने बसवताना ०.४० मिलिओहम होता, आता ०.५५ ते ०.७० पर्यंत गेला होता. ४० अँपिअरच्या सावकाश चाचणीत हा जादा रोध सेलमागे आठ-दहा मिलिव्होल्टच खातो, म्हणजे काहीच नाही. तिथली घट फटींमुळे आहे, रोधामुळे नाही. पण २०० अँपिअरचा भार एकदम आला तर तोच जादा रोध सेलमागे ४० मिलिव्होल्ट, चोवीस सेलचे मिळून एक व्होल्ट पहिल्याच क्षणी गिळतो. आणि लगेसारखीच चीर सगळ्या प्लेटांना जोडणाऱ्या पट्टीला किंवा पोस्टला पडली आणि ती अशा झटक्यात पूर्ण सुटली तर मालिकेतला एक सेल उघडा पडतो, म्हणजे बँक ७८ वरून थेट शून्यावर. फ्लोटवर अशी चीर महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही, कारण ३० मिलिअँपिअर वाहायला केसाएवढा धागाही पुरतो.

पल्स यंत्राची चर्चा सेल उघडल्यावर आपोआप थांबली. ते यंत्र सल्फेट सोडवत असेल वा नसेल, इथे सोडवायला सल्फेटच नव्हतं. तपकिरी कवच पुन्हा तीन मिलिमीटरची शिशाची तार होऊ शकतं, पण त्यासाठी ते भट्टीत घालून, वितळवून, साच्यात ओतावं लागतं. आणि तसं होतंही. जुन्या बॅटरीचं शिसं भट्टीत जाऊनच नव्या ग्रिडमध्ये परत येतं.

तीनच वाईट सेल बदलून बाकीचे ठेवायचा प्रस्तावही आला. पण चोवीसही सेल एकाच दिवशी फ्लोटवर चढले होते, एकाच खोलीत एकाच व्होल्टेजवर राहिले होते. सगळ्यांच्या पोस्ट वर आल्या होत्या, कुणाच्या ३ मिलिमीटर, कुणाच्या ५. सतरा नंबर रांगेत पहिला होता, एवढंच. पूर्ण बँक बदलली.

नव्या बँकेतल्या प्लेटा खांद्यावर टांगलेल्या आहेत, तळाशी वाढीला मोकळी जागा आहे, त्यामुळे पोस्ट वर यायची वाट पाहून चालणार नाही. टेक्निशियनने पहिल्याच दिवशी प्रत्येक डब्यावर धन प्लेटेच्या खालच्या कडेशी मार्करने बारीक रेघ मारली आणि वहीत एक नवा रकाना आखला: 'रेघेखाली किती मिमी'. चोवीसही ओळींत सध्या शून्य लिहिलेलं आहे.